मदत हवी आहे: मसाला डब्याचं लिस्टिंग मराठी-हिंदीत

ठाण्यातून स्टीलचा मसाला डबा ऑनलाइन विकायचा आहे: ७ वाट्या, १ चमचा, काचेचं झाकण. इंग्रजी लिस्टिंगमधल्या ‘सेव्हन कंपार्टमेंट्स’चं शब्दशः ‘७ कप्पे’ केलं, तर डब्यात पक्के पडदे आहेत असं वाटतं आणि माल परत येतो. म्हणून मराठीत ‘सुट्ट्या वाट्या’, हिंदीत ‘अलग होने वाली कटोरियाँ’ ठेवलंय. ‘स्टेनलेस स्टील’ तसंच राहू दिलंय. ‘गंजरोधक पोलाद’ कोण शोधणार?

अडलंय शीर्षकावर. घरात आपण ‘मिसळणाचा डबा’ म्हणतो, पण शोधताना? सध्याचा मसुदा: ‘स्टील मसाला डबा, ७ सुट्ट्या वाट्या, काचेचं झाकण’, आणि ‘मिसळणाचा डबा’ वर्णनाच्या पहिल्या ओळीत. हिंदीत ‘मसाला डिब्बा’ शीर्षकात, ‘मसालदानी’ वर्णनात.

दुसरं, सर्च टर्म्सची मर्यादा बाइटमध्ये मोजली, तर देवनागरी महाग पडते: ‘मसाला डबा’ २५ बाइट, masala dabba फक्त १२. तिथे रोमन स्पेलिंग भरून देवनागरी शीर्षक-वर्णनातच ठेवावी का? नागपूर, कोल्हापूरकडे वेगळा शब्द चालत असेल तर तोही कृपया सांगा.