घंटा, संकट आणि गाठींचं झाड

पांढरंसोनं, दारव्हा
संकट, घंटा, संत, अंबा. अनुनासिक पुढच्या व्यंजनाच्या तोंडातल्या जागीच उच्चारला जातो, एवढीच गोष्ट. जीभ आळशी आहे, पुढच्या जागी आधीच जाऊन बसते. यासाठी भाषाशास्त्राच्या एम.ए.च्या पोरांना फीचर जॉमेट्रीची झाडं काढायला लावतात, म्हणजे ध्वनीची घोष, स्थान अशी लक्षणं गाठी-फांद्यांवर टांगायची. पाणिनीनं एका सूत्रात सांगितलेलं १९८५ साली अमेरिकेत नव्यानं सापडलं म्हणे! स्थानाची सगळी लक्षणं एकदमच का जातात, हे झाडानं नेमकं काय समजतं? की नुसती नावं बदलली?

मोर्शीचा मास्तर
आळस म्हटलं की प्रश्न संपला, असं समजणाऱ्यांचा मला भारी राग येतो, म्हणून लांबण लावतो.

१९६८ च्या चॉम्स्की-हॅले पद्धतीत हाच नियम लिहून बघा. तिथं लक्षणांची नुसती यादी असते, कोणी कोणाचं सोयरं नाही. न ला पुढच्याची जागा द्यायची तर दोघांची किंमत सारखी ठेवणारी अक्षरं लावायची: अग्रसाठी अल्फा, जिव्हाग्रसाठी बीटा, उच्चसाठी गॅमा, पश्चसाठी डेल्टा, अशा चार जोड्या लावाव्या लागतात. आणि त्या पद्धतीत कमी चिन्हांचा नियम जास्त सोपा, म्हणजे जास्त स्वाभाविक. मग एकटं ‘पश्च’ उचलणारा नियम सगळ्यात स्वस्त पडतो, चारही उचलणारा महाग. जगात दिसतं नेमकं उलटं. शिवाय पुढच्याच्या ‘अग्र’ची किंमत अनुनासिकाच्या ‘पश्च’ला चिकटवा, कागद हूं की चूं करत नाही. असलं कुठल्या भाषेत ऐकलंय तुम्ही?

क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं १९८५ मध्ये ही सगळी लक्षणं एका गाठीखाली टांगली. पुढच्याच वर्षी सेगीनं त्या गाठीखाली ओठ, जिभेचं टोक आणि जिभेची पाठ वेगवेगळी केली. आता नियम म्हणजे एकच रेघ: क ची स्थानाची गाठ आधीच्या अनुनासिकाला जोडली. गाठ गेली की खालचं सगळं आपोआप गेलं. आणि जे गाठीबाहेर आहे ते मागं राहिलं पाहिजे. राहतंच. संकट म्हणताना क ची जागा आली, पण क चा अघोषपणा आला नाही, ङ घोषच राहिला.

आता तुमची आळशी जीभ घ्या. वाक् + दत्त याचं वाग्दत्त होतं. द नं घोष दिला, जागा दिली नाही. वाद्दत्त काहून नाही झालं? तिथं जिभेनं उपास धरला होता काय?

लोणारची लेक
अगदी बरोबर! मी केव्हाची सांगते आहे की पङ्कज, चञ्चल असंच लिहायला पाहिजे. माझ्या मुलानं घण्टा लिहिलं तर शाळेत अर्धा मार्क कापला. कोणाकडे दाद मागायची?

मोर्शीचा मास्तर
ताई, इथं लिहिण्याचं नाही, बोलण्याचं चाललंय. टिंब द्या नाहीतर ण् काढा, जीभ ट वरच जाते.

बोंडअळी
मास्तर, बोलन्याचंच निघालं तर मले बी बोलू द्या. मी घाटंजीकडचा. आमी पानी म्हनतो, शाया म्हनतो, डोया म्हनतो. पुन्यात शिकाले गेलो तं होस्टेलातले पोट्टे रोज संध्याकायी मले मुद्दाम ‘बाणाचा कणा’ म्हनाले लावत अन् हासत. एका सरानं भर वर्गात म्हटलं, तुमचे उच्चार अविकसित आहेत. तुमच्या झाडात आमच्या ण ले जागा हाय का, थे सांगा पह्यले.

सदाशिवकर
हसणं वाईटच. पण ण हा मराठीचा वर्ण आहे. येत नसेल तर शिकून घ्यावा, त्यात अपमान कसला?

बोंडअळी
झालं, आले गुरुजी! तुमी ‘लय’ अन् ‘काहून’ शिकले का इतक्या वर्षांत? आमीच काहून शिकाव?

पांढरंसोनं, दारव्हा
भाऊ, माझा धागा आहे हा. ण चं दुःख वेगळ्या धाग्यात मांडा ना.

मोर्शीचा मास्तर
नाही, राहू द्या, कामाचं आहे. बोंडअळी भाऊ, पानी म्हणा आणि जीभ कुठं लागते पाहा. दाताजवळ. आता घंटा म्हणा, पण ट वर यायच्या आधी न वरच थांबा.

बोंडअळी
...वर गेली राजेहो. मांगं वयली.

मोर्शीचा मास्तर
हेच पाहिजे होतं. तुमच्या बोलीत सुटा ण नाही, म्हणजे ही जागा अनुनासिकाच्या घरची नाही. ती ट नं दिली. आणि दिली ती नुसती ‘जिभेचं टोक’ एवढीच नाही. ती तर न जवळ आधीच होती. टोक मागं वळवायचं हे टोकाच्या गाठीखालचं बारीक लक्षण आहे, तेही सोबत आलं. सदाशिवकर, अविकसित म्हणवल्या गेलेल्या तोंडात हा पुरावा तुमच्यापेक्षा स्वच्छ दिसतो. तुमच्याकडे ण आधीच हजर असल्यामुळे तो कुठून आला ते सांगता येत नाही.

सदाशिवकर
बरं, आमचंच तोंड अशुद्ध. खूश?

पांढरंसोनं, दारव्हा
मुद्द्यावर येतो. अनुनासिकाची जागा आपल्याला ऐकू येते ती बहुतेक पुढच्या स्वरात तो सुटताना. पुढं व्यंजन आलं की तो सुटतच नाही, जागा अंधुक होते, म्हणून तोच बळी पडतो. वाग्दत्तमधल्या क ची जागा आधीच्या स्वरावरूनही बरी कळते, म्हणून टिकते. ओहालासारखे ध्वनिशास्त्रज्ञ झाडावर हाच आक्षेप घेतात. आणि एकगठ्ठा जाण्याचं म्हणाल तर तोंडातली अडवणूक ही एकच क्रिया आहे. एक क्रिया अर्धी कशी जाईल?

मोर्शीचा मास्तर
बळी कोण, याचं उत्तर चांगलं आहे, घ्या तुम्हाला दिलं. झाड ते सांगत नाही. पण ‘एकच क्रिया’ इथं फसता. पश्चिम आफ्रिकेतल्या क्पेले भाषेत ग्ब हा एक वर्ण आहे, जिभेची पाठ आणि ओठ दोन्ही एकदम बंद. त्याच्या आधी अनुनासिक आला की तोही दोन्हीकडं बंद होतो, ङ आणि म एकाच वेळी. क्रिया दोन आहेत, त्या दोन वेगळ्या अवयवांच्या, तरी जाताना जोडीनंच जातात. त्यांना बांधणारी गाठ वर कुठंतरी मानावीच लागते.

अकोल्याचे शास्त्री
सगळे पाणिनीचं नाव घेता, सूत्र कोणी वाचत नाही. अनुस्वारस्य ययि परसवर्णः, ८.४.५८, म्हणजे पुढं यय् आला की अनुस्वाराचा त्याच्याच जागेचा वर्ण होतो. यय् मध्ये सगळी व्यंजनं येतात, फक्त श ष स ह सोडून. आता मास्तर, तुमची गाठ लावा संशय आणि संसारला. श ला जागा आहे ना? मग अनुनासिकाला ती मिळत का नाही? आपण तिथं नाकातला व म्हणतो, सौंशयसारखा. आणि संयममध्ये मात्र य ची जागा सरळ मिळते, नाकातला य होतो.

मोर्शीचा मास्तर
जागा घेतली की अडवणुकीची तऱ्हाही घ्यावी लागते. नाकातला य म्हणता येतो. नाकातला श म्हणायला गेलात तर हवा नाकानं निघून जाते, घर्षणाला पुरत नाही. म्हणून रेघ जोडलीच जात नाही.

अकोल्याचे शास्त्री
हे हवेचं कारण झालं. झाडात कुठं लिहिलंय ते?

पांढरंसोनं, दारव्हा
मी पहिल्यापासून काय म्हणतोय!

मोर्शीचा मास्तर
श पुरतं तुमचं. क्पेलेचं उत्तर अजून बाकी आहे.

बोंडअळी
अन् होस्टेलवाल्यायचं बी.