मदत हवी आहे : चौथीच्या निरीक्षण तक्त्यात वाफेची नोंद कशी करून घ्यावी?

नमस्कार. चौथीच्या मुलांसाठी मी बर्फ, पाणी आणि वाफ यांचा निरीक्षण तक्ता तयार केला असून त्यात ‘वेळ’, ‘काय दिसले’, ‘आकार’ आणि ‘अवस्था’ असे चार रकाने आहेत. बर्फाचा भाग सुरळीत झाला. वाटीतला खडा दर पाच मिनिटांनी पाहून मुलांनी ‘कोपरे गोल झाले’, ‘खाली पाणी साचले’ अशा नेमक्या नोंदी केल्या.

अडचण किटलीपाशी आली. पाणी उकळताच सर्वांनी ‘पांढरी वाफ दिसली, अवस्था वायू’ असे लिहिले. वास्तविक तो पांढरा लोट म्हणजे वाफ हवेत थंड होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे द्रवच. खरी वाफ किटलीच्या चोचीला लागून जी बोटभर जागा रिकामी भासते तिथे असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. हे पटवण्यासाठी मी चिमट्यात थंड ताटली धरून दाखवली (मुलांना अर्थातच लांब बसवले होते), परंतु ती चोचीजवळ धरली तरी ओली होते आणि लोटात धरली तरी ओलीच, त्यामुळे गोंधळ उलट वाढला.

आता ‘चोचीला लागून’, ‘पांढऱ्या लोटात’ आणि ‘लोट नाहीसा होतो तिथे’ अशा तीन स्वतंत्र ओळी कराव्यात, असे मला वाटते. परंतु जे दिसतच नाही ते ‘काय दिसले’ या रकान्यात नऊ वर्षांच्या मुलाने काय म्हणून लिहावे? हा प्रयोग ज्यांनी वर्गात घेतला आहे, त्यांनी रकान्यांची शब्दरचना कशी केली, ते कृपया कळवावे.