समूह शाळा: पोडावरची १४ लेकरं आणि दोन मास्तरांचा हिशेब

पोडकर, यवतमाळ जिल्हा:
नव्या शैक्षणिक धोरणात वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करायचं लिहिलंय, असं सगळे म्हणतात. खरं आहे का? आमच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, चौथीपर्यंतची शाळा आहे, १४ मुलं. मध्ये नाला, पलीकडे साडेतीन किलोमीटरवर ४३ पटाची शाळा. तिच्यात जोडायचं म्हणतात. ग्रामसभेत काय बोलावं?

निवृत्त केंद्रप्रमुख:
तसं लिहिलेलं नाही. २०२० च्या धोरणाचं सातवं प्रकरण लहान शाळांवर आहे. त्यात २०१६-१७ ची आकडेवारी दिली आहे: देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं आणि १,०८,०१७ शाळा एकशिक्षकी. अशा शाळा चालवणं खर्चाचं आणि अवघड आहे, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. पण त्यावर उपाय म्हणून सुचवलाय तो शाळा-संकुलाचा. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या अंगणवाड्या व लहान शाळा यांनी शिक्षक, प्रयोगशाळा, क्रीडासाहित्य वाटून घ्यायचं. शाळा एकत्र करायच्याच असतील तर फार विचारपूर्वक, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोहोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तरच, असं तिथं म्हटलं आहे.

वीसचा आकडा राज्याचा. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव मागवले. तेव्हा अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवले. पानशेतला मुलं बसने येतात, तोरणमाळची शाळा निवासी आहे. तुमच्या पोडाला या दोन्हींतलं काय मिळणार, हे कागदावर घ्या. बाकीचं बोलणं त्यानंतर.

मी नोकरीत असताना नऊ मुलांची एक शाळा अशीच जोडली गेली. पटावर नऊच्या नऊ नावं राहिली, म्हणून वर गेलेल्या अहवालात एकही गळती नव्हती. मी रोजची हजेरी काढून बघितली. पोळ्याच्या आसपास नाल्याला पाणी होतं तेव्हा तीन-चार मुलं सलग गैरहजर. दिवाळीनंतर कापूस वेचणी लागली तशा दोन मुली गेल्या त्या थेट संक्रांतीनंतर उगवल्या. शाळा वस्तीतच होती तेव्हा त्याच मुली धाकट्या भावाला कडेवर घेऊन येत, त्याला दाराशी बसवून पाटीवर लिहीत. दुपारी आईला डबा पोचवून परत येत. ही सवलत साडेतीन किलोमीटरवर मिळत नाही. म्हणून माझं सांगणं, शाळा जोडल्याचा परिणाम पटावर शोधू नका, श्रावण आणि मार्गशीर्षातली हजेरी बघा.

एकशिक्षकी:
सरांचा मान राखून विरोध करतो. मी तेरा मुलांच्या शाळेवर एकटा आहे. पहिलीला अक्षर गिरवायला दिलं की तिसरीचा भागाकार घेतो, तोवर चौथी रिकामी. साडेदहाला तांदूळ मोजून द्यायचे, खिचडी चाखून नोंद करायची, ती नोंद अ‍ॅपमध्ये भरायची. रेंजसाठी टेकाडावर जावं लागतं. मतदार याद्यांचं काम माझ्याकडेच. केंद्रावर बैठक असली की शाळेला कुलूप, नाहीतर शेजारच्या शाळेचा मास्तर उसना. दुसरीत माझ्याकडे एकच मुलगा आहे. त्याने चुकीचं वाचलं तर दुरुस्त करणारा सोबती नाही, पुढे गेला तर शर्यत लावायला कोणी नाही. कबड्डीचे दोन संघ कधी होत नाहीत.

वस्तीतली शाळा म्हणून तिच्यावर प्रेम करणं सोपं आहे. तिच्यात शिकून चौथीतून बाहेर पडणाऱ्या पोराला हातचा घेऊन वजाबाकी येत नसेल, तर जवळ असण्याचा काय उपयोग? आणि वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा हवी, हा कायदा दाखवू नका. राज्याच्या २०११ च्या नियमांत त्याला वीस मुलांची अट जोडलेली आहे.

विदर्भप्रेमी:
मूळ मुद्दा भाषेचा आहे. हे धोरण म्हणजे पहिलीपासून हिंदी लादणं. शाळा-बिळा नंतर.

निवृत्त केंद्रप्रमुख:
विदर्भप्रेमी, हिंदीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ चा, राज्याचा. जूनमध्ये तो मागेही घेतला. इथं विषय वेगळा. पण भाषेवरून एक गोष्ट आठवली. धोरण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. पोडावरची मुलं घरी कोलामी बोलतात. पोडकर, तुमच्या मास्तरांना कोलामी येते का?

पोडकर:
मोडकीतोडकी. नऊ वर्षं झाली इथं. पहिलीच्या मुलांना निदान धाक वाटत नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख:
मग तेही वजन तागडीत टाका.

एकशिक्षकी, तुमचं दुःख खरं आहे. पण त्याचं कारण तेरा मुलं नव्हेत, एक मास्तर हे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, आणि त्याला खालची मर्यादा नाही. कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या, १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने वीसच्या आत एकच नियमित शिक्षक ठेवला. दुसऱ्या जागी कंत्राटी मास्तर १५,००० रुपयांवर आणायचं ठरलं, त्याविरुद्ध २५ सप्टेंबरला शिक्षक सामूहिक रजेवर गेले, पुढे ते कंत्राटही रद्द झालं. आधी दुसरा मास्तर काढायचा आणि मग शाळा चालत नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही.

वीस मुलांची अट आहे, हे तुमचं बरोबर. पण ती शाळा स्थापन करण्याच्या कलमात आहे. चालू शाळा उचलायला ती आधार होते का, हे तुम्ही गृहीत धरलं.

आता पोडकरांच्याच शाळेचा हिशेब मांडू. इथली १४ आणि तिथली ४३, मिळून ५७. साठच्या आत, म्हणजे मास्तर दोनच. चार वर्ग, दोन मास्तर, प्रत्येकाकडे दोन वर्ग आणि साधारण अठ्ठावीस मुलं. समूह शाळा म्हणजे वर्गाला एक मास्तर, असं लोकांना सांगितलं जातं. इथं ते होत नाही. जोडवर्ग तसाच राहतो, फक्त दाटी वाढते. पद मात्र एक वाचतं. पोडावर आज एक मास्तर आणि पलीकडे दोन, असे तीन आहेत. जोडल्यावर दोन.

एकशिक्षकी:
तरीही चार वर्ग सांभाळण्यापेक्षा दोन वर्ग बरे. अठ्ठावीस मुलं असली तरी. शिवाय मी आजारी पडलो तर शाळा उघडी राहते. हे तुमच्या हिशेबात आलं नाही.

निवृत्त केंद्रप्रमुख:
नाही आलं. तेवढं मान्य.

झरीवाला:
मले एक सांगा, मास्तरलोक हिशेब मांडून राह्यले, पन मायबापाले कोनी इचारलं का? माहा पोरगा तिसरीत एकटाच होता वर्गात. सकाळी निंगाले की रडे. म्या त्याले तालुक्याच्या इंग्रजी शाळेत टाकला. व्हॅन दारात येते, महिन्याले हजार रुपये घेते. शाळा गावात ठेवा म्हनता, पन ज्याले जमते तो पोरगं काढूनच घेते. राह्यते कोन? ज्याच्यापाशी हजार रुपये नाईत त्याचे लेकरं. मंग पट कमी होईन नाई तं काय.

पोडकर:
भाऊ, आमच्या पोडावर महिन्याला हजार देणारं एकही घर नाही.

झरीवाला:
तेच म्हनून राह्यलो. गाडी दिली तं पोरं जातीन. गाडी नाई दिली तं कायले शाळा हालवता?

तालुका हिशेबनीस:
गाडीचा हिशेब मी देतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेत वाहतूक भत्ता मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६,००० रुपये. १४ मुलांचे ८४,०००. प्राथमिकला किमान २०० दिवस शाळा, म्हणजे दिवसाला ४२०. दोन्ही वेळच्या फेऱ्या या पैशात करायला ऑटोवाला तयार होईल, आमच्याकडे होतात. अडचण दुसरीच आहे. त्याला डिझेल रोज लागतं आणि भत्ता मुलाच्या खात्यात उशिरा जमा होतो. मधले महिने पालकांनी काढायचे. दिवाळीपर्यंत ऑटो येतो, नंतर बंद. आणि नाल्याला पाणी असलं की ऑटोही अलीकडेच थांबतो, भत्ता मिळो न मिळो.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो. तीसच्या आतल्या शाळेला संयुक्त अनुदान वर्षाला १०,००० रुपये. त्यात वीजबिल, खडू, रंगरंगोटी, संडासाची दुरुस्ती. अशा शाळेची कौलं फुटली की दोन पावसाळे तशीच. पैसा पटावर येतो, मोडतोड पटावर होत नाही. ५७ मुलांच्या शाळेला हेच अनुदान २५,००० होतं. म्हणून मी जोडण्याच्या बाजूचा आहे, पण नाल्यावर रपटा झाल्यावर.

निवृत्त केंद्रप्रमुख:
माझ्या मनात एक मधला मार्ग आहे. धोरणाने तीन ते आठ वर्षं वय हा एक सलग टप्पा धरलाय, अंगणवाडी अधिक पहिली-दुसरी. मग पहिली-दुसरी पोडावरच ठेवा, अंगणवाडीला लागून. तिसरी-चौथी पलीकडे जाऊ द्या. पोडकर, तुमच्याकडे कुठल्या वर्गात किती?

पोडकर:
पहिली-दुसरीत सहा, तिसरी-चौथीत आठ.

निवृत्त केंद्रप्रमुख:
म्हणजे पोडावरच्या मास्तराकडे सहा मुलं, दोन वर्ग. कोलामी येणारा मास्तर लहानग्यांपाशीच राहतो. पलीकडे ४३ अधिक ८, एकावन्न. मोठी मुलं चालू शकतात, त्यांना सोबतीही मिळतात.

एकशिक्षकी:
आणि पुढच्या वर्षी सहा पटाची शाळा कोण चालू ठेवील, सर? डिसेंबर २०१७ ला आठवा, दहाच्या आतल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. तुम्ही चौदाचे सहा करून देताय. शिवाय धाकट्यांना मोठ्या मुलीच शाळेत आणतात, हे तुम्हीच वर लिहिलंय. त्या पलीकडे गेल्या तर पहिलीतल्याला कोण आणील?

निवृत्त केंद्रप्रमुख:
या दोन्हीला माझ्यापाशी आज उत्तर नाही. सहाचा धोका मोठा आहे. लेखी हमी घेतली तरी ती किती वर्षं टिकेल, सांगता येत नाही.

पोडकर:
ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागतो. पोडावर दुसरा शिक्षक. तो देणार नसाल तर रपटा आधी, आणि गाडीचे पैसे दर महिन्याला ऑटोवाल्याला. आणि एक वर्ष दोन्ही शाळांची मुलानिहाय हजेरी शाळा व्यवस्थापन समितीसमोर. सरांचा मधला मार्ग मात्र मांडणार नाही, सहाच्या आकड्याची भीती वाटते.

काल नाल्याची खोली बघून आलो. सध्या चौथीच्या पोरीच्या गुडघ्याला पाणी लागतं. पहिलीतल्याला तिने हात धरून नेलं, दोघांच्या चपला तिच्या दुसऱ्या हातात होत्या. पावसाचा अजून एक महिना बाकी आहे.