137 दिवसांची सरासरी: सोन्याचा नियम की योगायोग?

निपाणीकर
नियम साधा आहे. सोन्याचा बंद भाव ठरावीक दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तर सोनं धरायचं, खाली आला की विकून रोख राहायचं. 2014 पासूनच्या एमसीएक्स भावांवर 10 ते 250 दिवस एकेक करून तपासले. 137 ला सगळ्यात जास्त नफा. हेच धरून गोल्ड ईटीएफ घ्यावं का? शीटमधलं सूत्र असं:

```
=IF(B200>C200, B200/B199-1, 0)
```

B मध्ये बंद भाव, C मध्ये सरासरी.

खानापूर_घाट
आधी सूत्र दुरुस्त करा. आजचा बंद भाव सरासरीच्या वर गेला, म्हणून आजचीच वाढ तुम्ही खिशात घातलीत. ती वाढ झाल्यावरच तर कळलं ना? कालच्या स्थितीवर आजचा परतावा मोजायचा:

```
=IF(B199>C199, B200/B199-1, 0)
```

यातही काल बंद भावालाच खरेदी झाली असं गृहीत आहे. ईटीएफ दुसऱ्या दिवशी घेणार असाल तर अटीत B198, C198 धरा. नुसत्या एवढ्यानंच नफा बराच उतरेल.

मग 130 आणि 145 काय म्हणतात ते बघा. 241 पर्याय पळवले की कुणीतरी पहिला येणारच. नियमात दम असेल तर शेजारचे आकडेही साधारण तसेच येतात. 137 एकटाच उंच असेल तर त्याला एखादा सौदा नशिबानं लागला, एवढंच.

खडे_बाजार_सराफ
आवं, लग्नसराईत सरासरी बघून कोण थांबतंय? परवा चिकोडीचे पाहुणे आले, भाव चढलाय म्हणून कुरकुरले आणि पाटल्या घेऊनच गेले. 3 टक्के जीएसटी, वर मजुरी. आत-बाहेर करत बसलात तर त्यातच संपाल.

खानापूर_घाट
काका, ते ईटीएफचं विचारतायत, पाटल्यांचं नाही. पण खर्चाचं तुमचं खरं आहे. ईटीएफला मजुरी नसली तरी दलाली, खरेदी-विक्रीतला फरक आणि कर आहेतच. दिवस कमी धरले की सौदे वाढतात आणि खर्च तिथेच बोकांडी बसतो.

टिळकवाडी_78
एवढं कशाला? 2014 पासून म्हणजे विदा फारच तोकडी. 1970 पासून घ्या, चूक आपोआप धुऊन निघेल.

खानापूर_घाट
विदा वाढवा, हे बरोबर. पण आपल्याकडे सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला. त्याआधीचा इथला भाव वेगळ्याच बाजाराचा. आणि डॉलरचा भाव घेतलात तर रुपयाची घसरण आणि आयात शुल्क दोन्ही गळतात. 2011 ते 2015 मध्ये सोनं डॉलरमध्ये 1900 वरून 1050 च्या आसपास आलं. रुपयात तेवढी पडझड दिसत नाही.

निपाणीकर
सूत्र बदललं, नफा बराच घसरला. आणि 110 ते 130 सगळे जवळजवळ सारखे, 137 तेवढा वर. कारण सापडलं: जुलै 2024 ला 125 बाहेर पडला आणि भाव चढल्यावर परत शिरला. 137 आतच राहिला.

खानापूर_घाट
तेच विचारणार होतो. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 टक्क्यांवरून 6 वर आणलं. जगात सोन्याला काही झालं नव्हतं, इथे मात्र एका दिवसात भाव कोसळला. तुमचा 137 त्या धक्क्यातून काठावर वाचला. म्हणजे तुम्ही सोन्याची चाल नाही, एक अर्थसंकल्प पाठ केलात. तो महिना वगळून पुन्हा चालवा, पहिला नंबर कुणाचा येतो बघा.

टिळकवाडी_78
मग 2014 ते 2019 वर आकडा निवडा, 2020 पासून पुढे तपासा. मिटलं.

खानापूर_घाट
2020 नंतरचं त्यांनी आधीच बघितलंय, पुढचा पेपर फुटलेला आहे. शिवाय तो काळ बहुतेक चढाचा. चढात आत बसणारा कुठलाही नियम पास होतो. म्हणून प्रत्येक निकालाशेजारी नुसतं धरून ठेवल्याचा नफा लिहा.

हिंडलगा_रोड
लिहिला की नियम हरतो! मी ईटीएफ घेऊन विसरलो, तुमच्या सगळ्यांपेक्षा पुढे आहे. मग हा खटाटोप कशाला?

खानापूर_घाट
नफ्यात हरेल, कबूल. माझ्या मते नियम नफ्यासाठी नाही, मोठ्या घसरणीत कमी बुडण्यासाठी. तीच कसोटी आधी ठरवून, 100, 150, 200 असे तीनच आकडे घ्या. तिघांनीही सर्वात मोठी घसरण कमी केली तर बोलू.

हिंडलगा_रोड
तीनच का? हे तीन पण तुम्ही कुठेतरी वाचूनच धरलेत. दुसऱ्या कुणीतरी आधी निवडलेलेच की.

खानापूर_घाट
हो, तेवढी लबाडी त्यात उरतेच. 200 प्रसिद्ध झाला तो मागच्या भावांवर चालला म्हणूनच.

निपाणीकर
तीन आकडे लावतो, जुलै 2024 वगळून आणि धरून दोन्ही. सौदे मात्र फारच थोडे निघतायत. त्यातले सर्वात चांगले दोन काढले तर नफा उरतो का, हेही बघतो.