मुलाखतीच्या शेवटी तुम्ही काय विचारता?

सांजवात: "तुम्हाला काही विचारायचंय?" यावर मी दहा वर्षं "नाही, सगळं क्लिअर आहे" म्हणत आले. मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच धीर करून विचारलं, "ही जागा नवीन आहे की कुणी सोडून गेलंय?" समोरचे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एक जण म्हणाले, "नवीनच म्हणा." त्या 'म्हणा'पाशी मी अडकलेय. तुमचे अनुभव लिहा.

रानपाखरू: चाकणला क्वालिटीत आहे. मीही हेच विचारलं होतं. मॅनेजर म्हणाले, "आधीचा मुलगा आपल्याच दुसऱ्या प्लँटला गेलाय, वरच्या पोस्टवर. हँडओव्हर तोच देईल, नंबर देऊ का?" मी तिथेच मनातून जॉइन झालो. याआधीच्या कंपनीत याच प्रश्नाला "लोक टिकत नाहीत हो हल्ली" असं उत्तर मिळालेलं. तिथे पुढच्या राउंडला गेलोच नाही.

भोचक_काका: पगार, सुट्ट्या, शिफ्ट कधीही विचारू नये. माणूस कामचुकार वाटतो.

निळीशाई: काका, शिफ्ट न विचारल्याने मी आठ महिने दुपारी अडीच ते रात्री साडेअकरा केलंय. "जनरल शिफ्ट" म्हणाले होते, पण ती क्लायंटच्या देशातली जनरल!

टेबलापलीकडचा: मी मुलाखती घेतो. काकांचं निम्मं बरोबर आहे. टेक्निकल राउंडला पगार काढला तर खटकतं, कारण तो माझ्या हातातच नसतो. एचआरला बिनधास्त विचारा. मला मात्र हे विचारा: "पहिल्या तीन महिन्यांत मी काय केलं तर तुम्हाला वाटेल की माणूस बरोबर निवडला?" हे विचारणारा कामाला लागलाय असं वाटतं. आणि उत्तरावरून तुम्हीही मला जोखा. "महिनाअखेरचा रिपोर्ट ७ तारखेला निघतो, तो ३ ला हवाय" असं म्हणालो तर मला काम माहीत आहे. "टीममध्ये मिसळायला हवं" एवढंच म्हणालो, तर जागा मंजूर झालीय पण काम ठरलेलं नाही. जमलं तर हाच प्रश्न दोन राउंडना दोघांना विचारा. उत्तरं अगदीच वेगळी आली तर तुमचे दोन साहेब असणार. फक्त जाहिरातीत छापलेलं परत विचारू नका, वाचलं नाही हे लगेच कळतं.

गोट्या९७: मला विचारलं, पाच वर्षांनी कुठे असाल? काय सांगायचं?

सांजवात: गोट्या, तो त्यांचा प्रश्न झाला. इथे आपले चाललेत. :)

माजघर: सांजवात, त्या 'म्हणा'वरून लगेच वाईट धरू नका. कुणी बाळंतपणाच्या रजेवर असली की अस्सेच चाचरतात. माझ्या बाबतीत तेच निघालं. मी विचारलं, "ती परत आल्यावर माझं काय?" तेव्हा सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे हे बाहेर आलं.

टेबलापलीकडचा: शक्य आहे. पण मग दोघांनी एकमेकांकडे बघायचं कारण काय?

सांजवात: ऑफर काल आलीय आणि माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. राजीनामा टाकण्याआधी उद्या फोन करून माजघरचाच प्रश्न विचारते.