कापलेल्या छायाचित्रात नसलेले खांदे आणि हात भरून घ्यावेत का?

धंतोलीकर:
वडिलांचे वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. ते ज्या शाळेत शिकवत होते तिथल्या सभागृहात आडव्या पडद्यावर, १६:९ प्रमाणात, त्यांचे छायाचित्र दाखवायचे आहे. आमच्याकडे बरे असे एकच, तेही उभे छायाचित्र आहे. केस वरच्या कडेला टेकलेले, दोन्ही खांदे कापलेले, हात तर नाहीतच. धाकट्या भावाने एआयकडून मागची भिंत, खांदे आणि मांडीवर ठेवलेले हात भरून घेतले. चित्र देखणे झाले आहे, पण आईने ते पाहून विचारले, "हे हात कोणाचे?" असे करावे की करू नये?

बर्डीचा वाचक:
यात नवे काही नाही. पूर्वी स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढे उभे करत, काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांना हाताने रंग देत, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत. तेव्हा कुणी "ही बाग कुठली?" असे विचारले नाही. तुमच्या भावाने तेच काम नव्या साधनाने केले. आईंची समजूत घाला आणि चित्र लावा.

महालातला स्टुडिओवाला:
वाचक महोदयांचे म्हणणे पडद्यापुरते मला मान्य आहे. माझ्या वडिलांच्या स्टुडिओतही असा एक पडदा होता. मात्र त्या पडद्यापुढे बसलेला माणूस खरा होता आणि त्याचे हातही त्याचेच होते. भिंत वाढवणे आणि शरीर वाढवणे यांत फरक आहे, कारण साध्या भिंतीचा पुढचा भाग चित्रात दिसणाऱ्या भागावरून बराचसा ठरतो, पण हाताची ठेवण, बोटांची जाडी, नखे, अंगठी यांतले काहीही चेहऱ्यावरून ठरत नाही. असंख्य परक्या छायाचित्रांतून शिकलेल्या सरासरीतला एखादा हात तिथे येतो. आईंचा प्रश्न म्हणूनच अगदी नेमका आहे.

आता जरा हिशेब करू. समजा स्कॅन ९०० बाय १२०० पिक्सेलचा आहे. नुसती डोक्यावर ३०० पिक्सेल जागा सोडली तर उंची १५०० होते आणि १६:९ साठी रुंदी सुमारे २६६७ लागते. अशा चित्रात मूळ छायाचित्राचा वाटा २७ टक्के उरतो. हात दाखवायचे म्हणून डोक्यावर २५० आणि खाली ६५० पिक्सेल वाढवले की उंची २१०० आणि रुंदी ३७३३ होते, आणि मूळ भाग १४ टक्क्यांच्या आसपास येतो. आडव्या चौकटीत खाली वाढवलेली प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनाही रुंदी मागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. त्या हातांपायी तुमच्या वडिलांचा चित्रातला वाटा निम्मा झाला.

इतवारीतून:
एवढी चर्चा कशासाठी? छायाचित्र १२०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे मोठ्या पडद्यावर फाटणार नाही. आमच्या दुकानाच्या फलकासाठी आम्ही तेच केले होते.

महालातला स्टुडिओवाला:
त्यांचा प्रश्न आकाराचा नसून प्रमाणाचा आहे. कितीही बारीक स्कॅन केले तरी कापलेला खांदा परत येत नाही. तरीही चांगला स्कॅन घ्याच, त्याने चेहरा तरी नीट दिसेल.

प्रतापनगरची लेक:
माझा अनुभव लिहिते, उपयोगी पडला तर पाहा. आजीची तसबीर गेली कित्येक वर्षे आमच्या देवघराशेजारी आहे. गेल्या वर्षी काच तडकली म्हणून ती उघडली, तेव्हा पुठ्ठ्याच्या खिडकीखाली चारही बाजूंनी छायाचित्राची बोटभर कड दडलेली निघाली. त्यात आजीचा आखडलेला डावा हात होता. त्या हातावर तिने कायम पदर घेतला, म्हणून कदाचित मुद्दामच झाकला असेल. आमच्यापैकी कुणी तिथे यंत्राकडून हात काढून घेतला असता तर तो धडधाकट आला असता, आणि आम्हाला ते कळलेही नसते.

रामदासपेठेतून:
या ताईंची सूचना सगळ्यांत आधी करून पाहावी. शिवाय छायाचित्र जुन्या स्टुडिओतले असेल तर निगेटिव्हचीही चौकशी करा. त्या काळी पुष्कळ ठिकाणी १२० च्या फिल्मवर ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकोनी निगेटिव्ह निघत असे आणि उभा प्रिंट काढताना दोन्ही बाजू सोडून दिल्या जात. तुमचे हरवलेले खांदे तिथे खरोखर असू शकतात.

ते नाहीच सापडले आणि भिंत वाढवायची ठरली, तर एक खबरदारी सांगतो. यांतली काही साधने नवा भाग जोडताना सगळे चित्रच पुन्हा तयार करतात आणि चेहरा नकळत बदलतो: पापणी थोडी उचलली जाते, मिशीचा एक केस सरळ होतो. हे तपासायला तयार झालेल्या चित्रावर मूळ स्कॅन तंतोतंत त्याच जागी ठेवा आणि फोटोशॉपमध्ये वरच्या थराला `Difference` लावा. जुना भाग पूर्ण काळा दिसला तर त्याला हात लागलेला नाही. डोळे-ओठांच्या कडा उजळल्या तर चेहरा बदलला आहे. मग मूळ स्कॅन वरच राहू द्या, थर पुन्हा साधा करा आणि फक्त त्याच्या कडा काही पिक्सेल मऊ करून नव्या भागात मिसळा.

दुसरी खूण रवाळपणाची आहे. जुन्या प्रिंटला दाणा असतो आणि नवी भिंत मेणासारखी गुळगुळीत येते, त्यामुळे मोठ्या पडद्यावर मधोमध उभा पट्टा उठून दिसतो. नव्या भागावर तेवढाच दाणा घातल्याशिवाय ते झाकत नाही. उजेडाचेही पाहा. नाकाची सावली उजव्या गालावर पडली असेल आणि नव्या हातांवर समोरून उजेड असेल, तर कारण सांगता आले नाही तरी बघणाऱ्याला काहीतरी खटकतेच.

बर्डीचा वाचक:
पडद्याबाबत मी बरोबर होतो, एवढे तरी मान्य झाले. तरी एक विचारतो. खांद्यांचे काय करायचे? भिंत वाढवली आणि खांदे तसेच कापलेले ठेवले तर माणूस हवेत कापल्यासारखा दिसेल.

महालातला स्टुडिओवाला:
हा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे याचे पक्के उत्तर नाही. सदऱ्याच्या बाहीचे चार बोटे कापड पुढे नेणे मी स्वतः करतो, कारण शिवणीची रेघ आणि उतार समोर दिसत असतात. कोपराच्या खाली मी जात नाही. दुसरे कुणी खांद्यालाही नकार देतील, आणि त्यांना चूक म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. खरे तर मी गिऱ्हाइकाला आधी सांगतो की छायाचित्र आहे तसे उभेच पडद्याच्या एका बाजूला ठेवा, उरलेल्या जागेत साधा गडद रंग भरा आणि तिथे नाव व वर्षे लिहा. दहापैकी सहा जण ऐकत नाहीत, हेही खरे.

धंतोलीकर:
काल रात्री आईसमोर तसबीर उघडली. डाव्या बाजूला साधारण ७ मिलिमीटर कड निघाली. तिच्यात पूर्ण खांदा आणि खुर्चीच्या वेताची विणलेली पाठ आहे. ती खुर्ची आईने लगेच ओळखली, शाळेच्या ग्रंथालयातली. भावाच्या चित्रात तिथे लाकडी बाक होता. उजवीकडे मात्र स्टुडिओवाल्याने कात्रीच चालवली आहे. तिथे बाहीचे थोडे कापड आणि भिंत वाढवायची असे ठरले, हात काढून टाकले. `Difference` लावून पाहिले तर डाव्या भुवईची कड उजळली, म्हणून मूळ स्कॅन वर ठेवला आहे. भाऊ अजून म्हणतो की हातांशिवाय बाबा अपुरे दिसतात, आणि निगेटिव्हच्या शोधात उद्या तोच त्या स्टुडिओवाल्याच्या मुलाकडे जाणार आहे.