समीकरण उलटवलं पण चिन्ह तसंच, मार्क द्यायचे का?

विश्रामबागचा मास्तर (सांगली): बारावीचे टेस्ट पेपर तपासतोय. कार्बन, हायड्रोजन आणि मिथेनच्या ज्वलनाची एन्थाल्पी दिलीय, −३९३.५, −२८५.८ आणि −८९०.३, आणि मिथेन तयार होतानाची काढायचीय. बऱ्याच पोरांनी मिथेनचं समीकरण बरोब्बर उलटवलंय पण आकडा तसाच, म्हणून उत्तर −१८५५.४. माझ्या मते एकच मार्क कापावा, पद्धत तर येतेय की. आणि पोरांनी हे स्वतःचं स्वतः पकडायचं कसं?

कृष्णाकाठ (कराड): सोपंय सर. तिन्ही समीकरणांची बेरीज करायला लावा, ऑक्सिजन, CO2, पाणी सगळं कटून C + 2H2 → CH4 उरलं की उत्तर बरोबर. आमच्या क्लासला हेच सांगतो.

मिरज जंक्शन: कराडकर, नेमकं तिथंच गंडतंय. सरांच्या पोरांची बेरीज तुमच्या परीक्षेत पास होते बघा! CO2 कटतो, पाणी कटतं, मिथेन उजवीकडं येतो, सगळं छान. कटाकटी डावीकडच्या रकान्यात होते आणि चूक उजवीकडच्या रकान्यात बसलीय, तिकडं कुणी बघतच नाही. बेरजेनं एवढंच कळतं की योग्य समीकरण उलटवलं का आणि हायड्रोजनला २ नं गुणलं का. चिन्हाचं काहीच कळत नाही.
चिन्हासाठी उष्णतेचा हिशोब करायला लावा. १ मोल कार्बन आणि २ मोल हायड्रोजन सरळ जाळले तर ३९३.५ आणि ५७१.६ मिळून ९६५.१ किलोज्यूल निघतात. त्याच मालाचा आधी मिथेन केला आणि मग जाळला तरी राख-पाणी तेच, म्हणजे एकूण तेवढंच निघणार, आणि त्यातले ८९०.३ तर मिथेन जळताना निघतात. मग मिथेन बनताना राहिले किती, ७४.८. आता नुसता मिथेन बनतानाच १८५५ निघाले म्हणणाऱ्याला विचारा, सगळं जाळून ९६५ मिळतात, तुझे उरलेले कुठनं आले रे?

तालमीतला केमिस्ट: पण गुणायचंच कशाला म्हणतो मी? समीकरण दुप्पट केलं तरी आकडा तोच राहतो, उलटवलं तर फक्त चिन्ह बदलतं, असंच शिकवलंय आम्हाला.

मिरज जंक्शन: ते इलेक्ट्रोड पोटेन्शियलचं, दादा. व्होल्ट गुणायचे नसतात, किलोज्यूल गुणायचे असतात. दुप्पट हायड्रोजन जाळला तर दुप्पट उष्णता निघणारच की. तुमच्या रीतीनं २८५.८ एकदाच धरलं तर उत्तर +२११.० येतंय.

साताऱ्याची मावशी: माझ्या भाचीचं याच गणिताचं उत्तर +१३.२ आलंय. अधिक आलं म्हणजे चिन्हच चुकलं असणार ना? दोन तास तेच शोधत बसलीय पोरगी.

मिरज जंक्शन: मावशी, तिची चिन्हं बरोबर असतील, तिनं हायड्रोजनला −२४१.८ घेतलाय का बघा. तो पाण्याच्या वाफेचा आकडा आहे, द्रव पाण्याचा −२८५.८.
उत्तर माहीत असेल तर चूक लवकर सापडते. आपलं उत्तर वजा खरं उत्तर करून बघायचं. −१८५५.४ आणि −७४.८ यातला फरक १७८०.६, म्हणजे ८९०.३ ची बरोब्बर दुप्पट. फरक कुठल्या तरी आकड्याच्या दुप्पट आला की त्याचं चिन्ह राहिलं. दिलेल्या आकड्याएवढाच आला की गुणायचं राहिलं, २११.० वाल्याचं तसंच झालंय.

साताऱ्याची मावशी: हो हो, वाफेचाच घेतलाय! तिचा फरक ८८ येतोय.

कृष्णाकाठ (कराड): मग हा ८८ तुमच्या नियमात कसा बसतो? पाण्याची वाफ व्हायला मोलमागं ४४ लागतात. गणितात ती पायरी एकदाच असेल आणि चिन्ह राहिलं तरी फरक ८८, आणि दोन मोल पाण्याची अवस्था चुकली तरी ८८.

मिरज जंक्शन: बरोबर पकडलंत. आकड्यावरनं तिथं सांगता येत नाही, पायऱ्याच वाचाव्या लागतात. आणि ९६५ चा हिशोबही असली बारीक चूक पकडेलच असं नाही, तो ढोबळ आहे.
मार्कांचं म्हणाल तर मी दोन कापेन. समीकरण उलटवणं हे नुसतं बाण फिरवणं नाही, उष्णता घेतली का दिली तेच त्यात ठरतं, पोरानं निम्मंच केलं.

विश्रामबागचा मास्तर (सांगली): दोन म्हणजे तीनातले दोन! आई-बाप दारात येतील साहेब. बाकीची सगळी मांडणी बरोबर असताना एकच कापणार, पण −१८५५.४ च्या खाली "९६५ पेक्षा जास्त कुठनं आले?" एवढं लाल पेनानं लिहून देतो.

तालमीतला केमिस्ट: आणि +२११ वाल्याचे किती कापणार सर?